कर्ज फिटल्यावर गोव्यात घरावरचा बोजा उतरवताना

साखळी गावात एका वकिलांच्या ऑफिसात मी जमिनीच्या कागदांचा शोध घ्यायचं काम करते. कोणी घर विकायला किंवा नव्या कर्जासाठी तारण द्यायला काढलं, की त्या मालमत्तेवर कोणाचा हक्क शिल्लक आहे का, हे आधी आम्ही बघतो. पाच-सात वर्षांपूर्वी फिटलेलं कर्ज कागदावर मात्र अजून जिवंत, असं या शोधात वारंवार सापडतं. मालक शपथेवर सांगतो, "बाई, पै न् पै भरली हो." तो खरंच सांगत असतो. पण पैसे फिटल्याची नोंद बँकेच्या खात्यात होते आणि गहाणाची नोंद वेगळ्याच ठिकाणी बसलेली असते. तिथे कोणी सांगायला गेलेलंच नसतं.

मागच्या एका प्रकरणाच्या आधाराने सगळी वाट सांगते. डिचोली तालुक्यातले एक निवृत्त मास्तर. २०११ साली घर बांधायला बारा लाखांचं कर्ज घेतलं होतं, २०२४ मध्ये ते फेडून टाकायचं ठरवलं. घर नवराबायको दोघांच्या नावावर, कर्जावरही दोघांच्या सह्या. गोव्यात हे बहुतेक असंच असतं. इथल्या नागरी कायद्यात लग्न झालेल्या जोडप्याची मालमत्ता, वेगळा करार केलेला नसेल तर, दोघांची धरतात. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर सही दोघांची लागेल, हे आधीच धरून चाला.

शेवटचा हप्ता नव्हे, शेवटचा आकडा

कर्ज मुदतीआधी बंद करायचं असेल तर बँकेकडून फोरक्लोजर स्टेटमेंट लेखी मागा. त्यावर एकूण रक्कम असते, ती कुठल्या तारखेपर्यंत चालेल ते असतं आणि त्यानंतर रोजचं व्याज किती चढेल तेही असतं. मास्तरांच्या स्टेटमेंटवर १,८६,००० रुपये होते, २९ फेब्रुवारीपर्यंत. रोजचं व्याज साधारण ४६ रुपये. त्यांनी पैसे भरले ४ मार्चला, आकडा तोच जुना. चार दिवसांचे १८४ रुपये खात्यावर राहिले आणि खातं उघडंच राहिलं.

हे त्यांना कळलं १८ मार्चला, ना-देय दाखला मागायला गेले तेव्हा. म्हणजे कर्ज खऱ्या अर्थाने बंद झालं १८ मार्चला. दोन आठवडे फुकट गेले, आणि त्याचं महत्त्व पुढे कळेल. तेव्हा पैसे भरल्यावर दोन दिवसांनी खात्याचा उतारा काढून शिल्लक शून्य आणि खातं बंद असल्याचं बघून घ्या. हप्ता बँकेतून आपोआप कापला जात असेल तर तो आदेशही लेखी रद्द करा. नाहीतर पुढच्या महिन्यात तो पुन्हा कापला जातो आणि परताव्यासाठी वेगळ्या फेऱ्या सुरू होतात.

तुमचं गहाण कुठल्या जातीचं

दाखला मागण्याआधी हे शोधा, कारण पुढचं सगळं यावर ठरतं. घरकर्जात सर्वांत जास्त आढळतं ते मूळ दस्त बँकेत ठेवून केलेलं गहाण. यात तुम्ही खरेदीखत बँकेच्या हवाली करता, बँक एक टिपण लिहून घेते आणि बऱ्याचदा उपनिबंधकाकडे काहीच नोंदवलं जात नाही. कागद परत आले की गहाण सुटलं.

दुसरी जात नोंदणीकृत गहाणखताची. त्यासाठी तुम्ही एक दिवस उपनिबंधक कार्यालयात गेलेले असता, अंगठा आणि फोटो दिलेले असतात, आणि त्या दस्ताला नोंदणी क्रमांक मिळालेला असतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६० नुसार अशा वेळी, गहाणदाराचा हक्क संपला असं लिहून ते नोंदवून घ्यायचा हक्क कर्जदाराला आहे. नुसती पावती पुरत नाही. पैसे मिळाले एवढंच सांगणारी पावती बिननोंदणी चालते. पण गहाणच संपलं असं म्हणणारा कागद नोंदवावा लागतो. नोंदणी कायद्याच्या कलम १७ मध्ये हा फरक स्पष्ट आहे. मग बँकेच्या लेटरहेडवर कितीही गोड भाषेत 'आमचा काही हक्क उरला नाही' लिहिलेलं असो, नोंदणीकृत गहाण त्याने उतरत नाही.

आठवत नसेल तर कर्जाच्या वेळच्या फाइलमध्ये नोंदणी शुल्काची पावती आहे का बघा. तीही नसेल तर उपनिबंधक कार्यालयातून भार-दाखला, म्हणजे एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट, कर्ज घेतलं त्या वर्षाच्या थोडं आधीपासून आजपर्यंतचा काढा. नोंदणीकृत गहाण त्यात दिसेल. नोंदवलेलं नसलेलं दिसणार नाही, हेही लक्षात असू द्या. दाखला कोरा आला म्हणून बँकेत कागद अडकलेले नाहीत, असं होत नाही.

मास्तरांना वाटत होतं, फक्त कागद ठेवले होते. भार-दाखल्यात २०११ चं गहाणखत निघालं.

महाराष्ट्रातले लेख वाचून इथे येणाऱ्यांसाठी एक सूचना. तिकडची 'नोटीस ऑफ इंटिमेशन', सातबारावरचा बोजा, इंडेक्स टू हे शब्द इथल्या खिडकीवर उपयोगाचे नाहीत. इथे गावच्या जमिनीला एक-चौदाचा उतारा, आणि पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को अशा शहरी सर्व्हेत फॉर्म डी, पीटी शीट आणि चलता नंबर.

ना-देय दाखल्यात काय लिहून घ्यायचं

ना-देय दाखला म्हणजे तुमच्याकडून काही येणं नाही. तेवढंच. गहाण सोडलं, हे त्यात आपोआप येत नाही. म्हणून अर्जातच दोन्ही मागा. एक दाखला बाकी शून्य असल्याचा. दुसरं पत्र गहाण सोडल्याचं, ज्यात कर्ज खाते क्रमांक, बंद झाल्याची तारीख, दोघांची नावं खरेदीखतात आहेत तशीच, मालमत्तेचा सर्व्हे आणि उपविभाग क्रमांक, आणि परत दिलेल्या दस्तांची यादी असेल. खरेदीखतात 'विठ्ठल' आणि दाखल्यात 'विठोबा' असेल तर उद्या म्युटेशनच्या, म्हणजे उताऱ्यावरची नोंद बदलण्याच्या, टेबलावरून ते परत येणारच.

बँक विलीन झाली असेल तर आणखी एक ओळ लागते. गोव्यात खूप जुनी कर्जं कॉर्पोरेशन, सिंडिकेट, विजया किंवा देना बँकेची आहेत. विजया आणि देना १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या. एक वर्षानंतर, १ एप्रिल २०२० ला, सिंडिकेट कॅनरात आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत गेली. गहाणखतात आणि उताऱ्यावर नाव जुन्या बँकेचं, दाखल्यावर शिक्का नव्या बँकेचा. 'पूर्वीची अमुक बँक' हे शब्द नसतील तर नोंद बघणाऱ्याला ही एकच बँक असं धरता येत नाही.

त्याच कागदांवर दुकानाचं कॅश क्रेडिट किंवा मुलाचं शैक्षणिक कर्ज चालू असेल तर मात्र बँक दस्त सोडणार नाही. एक कर्ज फिटलं म्हणून गहाण फिटलं असं होत नाही. तारण वाढवताना केलेली सही लोक विसरतात, पण बँकेच्या फाइलमध्ये ती असते.

तीस दिवस आणि रोजचे पाच हजार

रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ ला काढलेला आदेश इथे तुमच्या हातातलं खरं हत्यार. व्यक्तींनी घेतलेलं कर्ज पूर्ण फिटलं की तीस दिवसांत सगळे मूळ दस्त परत द्यायचे आणि कुठल्याही रजिस्ट्रीतला बोजा काढून टाकायचा, अशी सक्ती आहे. १ डिसेंबर २०२३ पासून पुढे ज्यांचे दस्त सोडायची वेळ आली त्या सर्वांना हा नियम लागू, कर्ज कितीही जुनं असो. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. दस्त कर्जाच्या शाखेतून घ्यायचे की जिथे ते ठेवलेत त्या दुसऱ्या कचेरीतून, हे तुम्ही निवडायचं.

मास्तरांचे तीस दिवस १८ मार्चपासून सुरू झाले, ४ मार्चपासून नाही. मुदत संपली १७ एप्रिलला. दस्त परराज्यातल्या गोदामात होते, ते आले ८ मेला. एकवीस दिवस उशीर, म्हणजे १,०५,००० रुपये. शाखेने आपणहून काही म्हटलं नाही. पण मास्तरांकडे १८ मार्चच्या अर्जाची पोच होती, शिक्का आणि तारखेसकट, आणि उशीर गोदामाकडून झाल्याचा शाखेचाच ईमेल होता. लेखी मागणी केल्यावर भरपाई खात्यात आली. पोच नसती तर 'तुम्हीच घ्यायला आला नाहीत' म्हणणं बँकेला सोपं होतं, आणि तेव्हा भरपाई लागू होत नाही.

बँक दाद देत नसेल तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. नागरी सहकारी बँका, घरकर्ज कंपन्या आणि वित्त कंपन्याही या आदेशात येतात. येत नाहीत त्या आपल्या गल्लीतल्या क्रेडिट सोसायट्या. त्या सहकार निबंधकांच्या अखत्यारीत, रिझर्व्ह बँकेच्या नव्हे. तिथे तीस दिवसांचा हा दंडुका चालत नाही. दुकानाच्या, धंद्याच्या कर्जालाही हा नियम धरून बसू नका, तो व्यक्तिगत कर्जांपुरता आहे.

दस्त हातात घेताना

घाई करू नका, शाखेत बसून मोजा. कर्ज देताना बँकेने दस्तांची यादी करून पोच दिलेली असते, ती समोर ठेवा. गोव्यात त्या यादीत मूळ खरेदीखत, त्याआधीचे दस्त, जमीन रूपांतराची सनद, पंचायतीचा बांधकाम परवाना, ऑक्युपन्सी दाखला असतो, आणि जुन्या मालमत्तेला पोर्तुगीज काळातल्या जमीन-नोंदणीतल्या वर्णनाचं, म्हणजे डिस्क्रिप्शनचं, प्रमाणपत्र भाषांतरासकट. हे शेवटचं जपून बघा. तिथे एखादी जुनी गहाणाची नोंद असेल तर ती लँड रजिस्ट्रेशनच्या पुस्तकात असते आणि आजच्या बँकेच्या पत्राने ती हलत नाही. तो वेगळा विषय आहे आणि वकिलाकडेच न्यावा.

खरेदीखताचं प्रत्येक पान उलटा. शेवटच्या पानावर उपनिबंधकाचा शिक्का आहे ना, आणि दस्ताला शिवलेला नकाशा आहे ना, हे बघा. स्कॅन करताना नकाशा सुटतो आणि गोदामात राहून जातो. मास्तरांचा तसाच राहिला होता. पोचपावतीवर 'नकाशा मिळाला नाही' असं त्यांनी हाताने लिहून मगच सही केली. दहा दिवसांनी नकाशा कुरियरने आला.

दस्तच हरवला असेल तर प्रमाणित प्रत काढायला मदत करणं आणि त्याचा खर्च सोसणं हे बँकेचं काम आहे. त्यासाठी बँकेला आणखी तीस दिवस मिळतात आणि रोजची भरपाई साठ दिवसांनंतर सुरू होते. पण प्रत घेऊन समाधान मानू नका. 'मूळ दस्त आमच्या ताब्यात असताना गहाळ झाला' असं पत्र बँकेकडून घ्याच. मूळ खरेदीखत नाही म्हटलं की उद्याच्या ग्राहकाचा वकील पहिला संशय हाच घेतो, की ते दुसऱ्या एखाद्या बँकेत ठेवून पैसे उचलले आहेत.

आणि दोघांपैकी एकजण दरम्यान गेला असेल, तर बाहेरच्या राज्यातल्या मुख्य कचेऱ्या 'सक्सेशन सर्टिफिकेट' मागतात. गोव्यात वारस ठरतात ते विशेष नोटरीसमोर केलेल्या डीड ऑफ सक्सेशनने, किंवा वाटणी करायची असेल तर दिवाणी कोर्टातल्या इन्व्हेंटरीने. आधार आहे तो २०१२ चा गोवा उत्तराधिकार कायदा. हे एका पानाचं पत्र करून, कायद्याचं नाव घालून शाखेमार्फत वर पाठवा. तोंडी सांगून चालत नाही, कारण समोरच्याने गोव्याचा वारसा कायदा कधी पाहिलेलाच नसतो. वारसांना दस्त कसे परत द्यायचे याची पद्धत प्रत्येक बँकेने आधीच ठरवून ठेवायची, असंही त्याच आदेशात आहे.

केर्साय

बँका आपली सगळी तारणं केर्साय नावाच्या केंद्रीय रजिस्ट्रीत नोंदवतात. कर्ज फिटल्यावर ही नोंद बँकेनेच बंद करायची असते. तुम्हाला तिथे अर्ज करायचा नसतो, फक्त खात्री करायची. cersai.org.in वर नाममात्र शुल्क भरून मालमत्तेवरून किंवा कर्जदाराच्या नावावरून शोध घेता येतो. सर्व्हे क्रमांक बँकेने चुकीचा टाकलेला असतो तेव्हा मालमत्तेच्या शोधात काहीच येत नाही, म्हणून नावावरूनही बघा. नोंद अजून चालू दिसली तर शोधाची छापील प्रत लावून बँकेला लिहा. पुढच्या खेपेला नवी बँक कर्ज देताना सर्वांत आधी इथेच बघते.

गहाण सोडल्याचा दस्त

नोंदणीकृत गहाण असेल तरच हा टप्पा. गहाणखत जिथे नोंदवलं त्याच उपनिबंधक कार्यालयात मुक्तीपत्र नोंदवायचं. वकील मसुदा करतो, त्यात जुन्या गहाणखताचा नोंदणी क्रमांक आणि तारीख अचूक घालतो, मुद्रांक लागतो, आणि बँकेच्या वतीने मुखत्यारपत्र असलेला अधिकारी येऊन सही करतो. खर्च तुमचा, कायदाच तसं म्हणतो.

इथे अडतं ते पैशांवर नाही, माणसावर. अधिकाऱ्याला शाखा सोडून अर्धा दिवस डिचोलीला यायचं असतं. त्याची बदली झाली तर नव्याचं मुखत्यारपत्र वरून यायची वाट बघावी लागते. म्हणून तारीख घेण्याआधी मुखत्यारपत्राची प्रत मागून, तो अजून त्या पदावर आहे आणि गहाण सोडायचा अधिकार त्यात लिहिलेला आहे, हे पाहून घ्या. मास्तरांची पहिली तारीख यातच वाया गेली. मुखत्यारपत्रात कर्ज देण्याचे अधिकार होते, सोडण्याचे नव्हते. सह्या झाल्यावर चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला द्यावा लागतो, तेव्हा सही करून कपाटात ठेवू नका.

नोंदणी झाल्यावर भार-दाखला पुन्हा काढा. तो कोरा येईल अशी अपेक्षा ठेवू नका. २०११ ची ओळ खोडली जात नाही. तिच्या खाली मुक्तीपत्राची दुसरी ओळ येते आणि वाचणाऱ्याने दोन्ही जोडून वाचायच्या असतात. खरेदीदार घाबरला तर त्याला दोन्ही दस्त दाखवा.

एक-चौदावरची नोंद

आता उतारा. एक-चौदामध्ये 'इतर हक्क' असा रकाना असतो. बँकेचा बोजा नोंदवलेला असेल तर तो तिथे, म्युटेशन क्रमांकासकट दिसतो. सगळ्याच घरकर्जांत तो नसतो. शेतजमिनीवर किंवा सहकारी संस्थेचं कर्ज असेल तर जास्त आढळतो. आधी ऑनलाइन उतारा काढून बघा. रकाना रिकामा असेल तर तुमचं इथलं काम संपलं, उगाच अर्ज करू नका.

नोंद असेल तर ती काढायला म्युटेशनचा अर्ज लागतो, आणि तो बँक करत नाही, तुम्ही करायचा. तालुक्याच्या म्युटेशन टेबलावर ताजा उतारा, ना-देय दाखला, गहाण सोडल्याचं पत्र किंवा नोंदवलेल्या मुक्तीपत्राची प्रत आणि ओळखपत्र द्यायचं. मग संबंधितांना नोटिसा निघतात, हरकत नसेल तर नोंद प्रमाणित होते. नोटीस जाणाऱ्यांत बँकही येते. तिचा पत्ता अर्जात जुन्या, आता बंद पडलेल्या शाखेचा टाकलात तर नोटीस परत येते आणि फाइल तिथेच थांबते. आत्ताच्या शाखेचा पत्ता घाला, आणि शाखेत एकदा सांगून ठेवा की अशी नोटीस येईल, तिला उत्तर द्या.

फ्लॅटवाल्यांना हा टप्पा सहसा नसतो, कारण एक-चौदावर नाव जमिनीच्या मालकांचं असतं, फ्लॅट घेणाऱ्यांचं नसतं. त्यांनी बँकेचं पत्र सोसायटीला द्यायचं आणि शेअर सर्टिफिकेटवर किंवा सोसायटीच्या पुस्तकात बँकेच्या नावाची टीप असेल तर ती काढून घ्यायची. घराचा विमा बँकेच्या नावे लिहून दिलेला असेल तर तोही परत स्वतःच्या नावावर करून घ्या.

नवा उतारा हातात आला की फक्त इतर हक्कांचा रकाना बघून घरी जाऊ नका. वरपासून वाचा. मालकांची नावं, क्षेत्र, कुळाचा रकाना, मुंडकाराची नोंद असल्यास तीही. मास्तरांच्या नव्या उताऱ्यावरून बँक गेली होती, पण नवी नोंद चढवताना त्यांच्या पत्नीच्या नावातलं आडनाव एका अक्षराने चुकलं होतं. त्याच दिवशी, त्याच टेबलावर, खरेदीखत दाखवून त्यांनी दुरुस्तीचा अर्ज दिला आणि पोच घेऊनच ते घरी गेले.